सोमवारी वास, बुधवारी पत्ता

समजा, पुण्यात कोथरूडच्या एका गल्लीत बुधवारी बेकरी सुरू होते आहे. मालक आठवडाभर इन्स्टाग्रामवर रोज एक फोटो टाकणार. बहुतेक ठिकाणी सातही दिवस ‘स्वप्न साकार होतंय’ हाच सूर लागतो आणि तिसऱ्या दिवशी लोक वाचायचं सोडतात. वाचणाऱ्याच्या मनातला प्रश्न रोज बदलतो, त्याप्रमाणे कॅप्शनचा सूरही बदलायला हवा.

सोमवारी दुकान कुणालाच माहीत नसतं, तेव्हा थोडी गंमत चालते: ‘बुधवारपासून सकाळी सातला गल्लीत पावाचा वास आला, तर दचकू नका.’ इन्स्टाग्राम साधारण पहिली सव्वाशे अक्षरंच दाखवतं, बाकीचं दडवतं. हे वाक्य त्यात सहज मावतं. मंगळवारी सूर कारागिराचा: ‘बुधवारच्या पावाचं पीठ आदल्या रात्रीच मळलंय. यीस्ट कमी, म्हणून फुगायला रात्रभर लागते.’ एवढं वाचून गिऱ्हाइकाला कळतं, की पाव इथेच भाजला जातो.

बुधवारी मात्र विनोद नको. ‘बुधवार, सकाळी ७ ते रात्री ९. लादीपाव ७ आणि ४ वाजता भट्टीतून बाहेर. मारुतीच्या देवळासमोर.’ बस्स. ‘आज’, ‘उद्या’ हे शब्द टाळायचे, कारण मंगळवारची पोस्ट एखाद्याला गुरुवारी दिसते आणि त्याचा ‘उद्या’ चुकतो. नकाशाची लिंकही कॅप्शनमध्ये टाकून उपयोग नाही, तिथे ती दाबून उघडत नाही. ती प्रोफाइलवर ठेवावी.

गुरुवारी पुष्कळ घरांत अंडं चालत नाही. त्या दिवशी मावा केकचा फोटो टाकणं म्हणजे आपल्याच गिऱ्हाइकाला परत पाठवणं. ‘नानकटाई आणि खारी, दोन्हींत अंडं नाही. केकमध्ये आहे, त्याचा ट्रे वेगळा.’ इथे सूर शेजारच्या काकूंशी बोलल्यासारखा असावा, पण माहिती चोख. अंडं असेल तर ते झाकू नये.

शुक्रवारचं कॅप्शन आधी लिहून ठेवता येत नाही, आणि माझ्या मते आठवड्यातलं सर्वांत मोलाचं तेच. समजा, पाव साडेनऊलाच संपला. आधीच वेळ लावून ठेवलेली ‘गरमागरम पाव तयार!’ ही पोस्ट दहाला आपोआप झळकली, तर रिकाम्या हाताने परतलेला माणूस चिडणारच. ती आधी काढायची. मग साधेपणाने लिहायचं: ‘शुक्रवारी पाव साडेनऊलाच संपला. परत गेलात त्यांची माफी. शनिवारपासून वीस लाद्या जास्त.’ ‘तुफान प्रतिसाद’ वगैरे नको, आणि वीस लाद्या खरंच भाजायच्या.

शनिवारी शब्द थोडे, गर्दीचा फोटो पुरे. रविवारी आभार मानून एक सोपा प्रश्न: ‘चहाबरोबर कडक ब्रून की खारी?’ ‘आमच्याबद्दल काय वाटतं?’ असं विचारलं, तर उत्तर द्यायला कुणी थांबत नाही.

कुठे चुकलं हे लाइक मोजून कळत नाही, खालच्या प्रतिक्रियांतून कळतं. बुधवारच्या फोटोखाली लोक ‘पत्ता?’, ‘किती वाजता?’ विचारत असतील, तर उत्तरं देत बसण्याआधी कॅप्शन दुरुस्त करावं. पोस्ट टाकल्यानंतरही ते बदलता येतं.