एका ड्रमात दोन कामे : धुणे आणि वाळवणे

जुलै महिन्यातील मुंबईचे एक लहान घर डोळ्यांसमोर आणा. बाहेर संततधार लागली आहे. खिडक्या बंद आहेत आणि खोलीभर बांधलेल्या दोऱ्यांवर कपडे लटकत आहेत. काल रात्री वाळत घातलेला शाळेचा गणवेश सकाळीही हाताला गार लागतो, आणि त्याला तो ओळखीचा कुबट वास येतो. असे का होते?

खोली ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे असे समजा. तिच्यात २७ घनमीटर हवा मावते. २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम बाष्प राहू शकते. म्हणजे संपूर्ण खोलीची बाष्प सामावून घेण्याची क्षमता सुमारे ७३० ग्रॅम झाली. पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता सहज ८५ टक्के असते. त्या हिशेबाने ६२० ग्रॅम बाष्प हवेत आधीच आहे, आणि नव्या बाष्पाला जागा उरली फक्त ११० ग्रॅमची. इकडे चार माणसांच्या एका धुण्यात यंत्राने पिळून काढल्यावरही तीन लिटर पाणी असते. खिडकी बंद असेल तर हे पाणी जाणार कोठे?

माझ्या धाकट्या बहिणीपुढे गेल्या वर्षी हाच प्रश्न उभा राहिला. घरात माणसे चार आणि आठवड्याचे धुणे सुमारे १४ किलो. जुने यंत्र मोडीत निघाले होते. नवे घेताना कपडे वाळवण्याचीही सोय हवी होती. दुकानदाराने दोन मार्ग दाखविले. एक, धुणारे आणि वाळवणारे असे एकच यंत्र, म्हणजे वॉशर-ड्रायर. दुसरा, धुण्याचे यंत्र खाली आणि वाळवण्याचे यंत्र, म्हणजे ड्रायर, त्याच्या डोक्यावर. तिने मला फोन केला, "दादा, तू पदार्थविज्ञान शिकवतोस ना? मग सांग, यातले कोणते घेऊ?" मी म्हटले, "आधी हिशेब मांडू, मग ठरवू." तोच हिशेब तुमच्यापुढे ठेवतो.

पाणी कपड्यातून दोन रीतींनी काढता येते. पहिली रीत पिळण्याची. यंत्राचा ड्रम मिनिटाला १२०० फेरे घेत असेल आणि त्याची त्रिज्या २४ सेंटिमीटर असेल, तर त्याच्या भिंतीला चिकटलेल्या कपड्यांचे त्वरण गुरुत्व त्वरणाच्या सुमारे ३८५ पट असते. पाणी छिद्रांतून बाहेर फेकले जाते. या कामाला वीज फारच थोडी लागते. ३०० वॅटची मोटर पाच मिनिटे चालली तरी खर्च ९० किलोज्यूल होतो.

पण पिळण्याला मर्यादा आहे. सुताच्या बारीक तंतूंमध्ये केशाकर्षणाने धरलेले पाणी असे निघत नाही. उत्तम पिळल्यावरही कोरड्या कपड्याच्या वजनाच्या ५० ते ६० टक्के पाणी आत राहते. त्यासाठी दुसरी रीत वापरावी लागते, ती म्हणजे बाष्पीभवनाची. तुम्ही बाष्पनाचा अप्रकट उष्मा शिकला आहात. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता द्यावी लागते. आता ५ किलो सुती कपडे घ्या. त्यांत ६० टक्के म्हणजे ३ किलो पाणी उरले. त्याला ७२०० किलोज्यूल लागतील, म्हणजे बरोबर २ युनिट वीज. ही झाली कमीत कमी किंमत. कपडे, ड्रम आणि यंत्राचा पत्रा तापविण्यात आणखी काही जाते, म्हणून साध्या हीटरच्या यंत्रात प्रत्यक्ष खर्च तीन युनिटांच्या आसपास होतो. यंत्र एकत्र असो वा वेगळे, या नियमातून सुटका नाही. म्हणूनच यंत्र घेताना पिळण्याचे फेरे किती आहेत ते आधी पाहावे. पिळून काढलेले प्रत्येक लिटर पाणी पाऊण-एक युनिट वीज वाचविते.

मग दोन मार्गांत फरक कोठे पडतो? पहिला फरक ड्रमाच्या आकारात आहे. धुताना कपडे भिजून चपटे होतात, थोडक्या जागेत मावतात. वाळताना मात्र ते सुटे होऊन वरून खाली पडले पाहिजेत, म्हणजे गरम हवा प्रत्येक कपड्याच्या भोवती फिरते. ८ किलो धुणाऱ्या यंत्राचा ड्रम साधारण ६० लिटरचा असतो, पण ८ किलो वाळविणाऱ्या वेगळ्या ड्रायरचा ड्रम १०० लिटरच्याही पुढे असतो. एकत्र यंत्रात ड्रम एकच, आणि तो धुण्याच्या मापाचा. म्हणूनच अशा यंत्रावर दोन आकडे लिहिलेले असतात. ८ आणि ५ असे असले तर ८ किलो धुता येतील, पण वाळवता येतील फक्त ५ किलो. दुकानात मोठ्या अक्षरांत पहिला आकडा दिसतो. आपल्या कामाचा आकडा दुसरा.

हा नियम मोडला तर काय होते? ८ किलो धुऊन तसेच वाळवायला लावले, तर कपड्यांचा एक गोळा होतो. बाहेरचे कपडे कडक तापतात आणि आतले ओले राहतात. चादरीच्या पोटात गुंडाळलेला मोजा ओला निघाला, तर ड्रम जास्त भरला होता असे खुशाल समजावे.

दुसरा फरक वेळेचा. एकत्र यंत्राला ५ किलो धुवायला सुमारे दोन तास आणि वाळवायला तीन, असे पाच तास लागतात, आणि तोवर दुसरी खेप आत घालता येत नाही. बहिणीचे १४ किलो धुणे रविवारी एकदम काढले तर तीन खेपा, म्हणजे १५ तास. दोन वेगळी यंत्रे असली की पहिली खेप वाळत असताना दुसरी धुतली जाते. मोठ्या ड्रमामुळे वाळवण्याला दोन तास पुरतात असे धरले, तर पहिल्या धुण्याचे दोन आणि तीन वाळवण्यांचे सहा, अशा आठ तासांत सारे संपते.

तिसरा फरक पाण्याचा. ड्रमातली वाफ कोठेतरी जायलाच हवी. साधा ड्रायर ती नळीने खिडकीबाहेर सोडतो. नळी खोलीतच सोडली, तर ते तीन लिटर पाणी भिंतींवर घामासारखे जमते आणि बुरशी धरते. म्हणून बंद घरात संघनन करणारे यंत्र घ्यावे. त्यात वाफ थंड होऊन तिचे पुन्हा पाणी होते आणि ते टाकीत साठते किंवा मोरीत जाते. पण पुष्कळशा एकत्र यंत्रांत वाफ थंड करण्यासाठी नळाचेच पाणी वापरतात. ३ किलो वाफेचे पाणी होताना तेच ७२०० किलोज्यूल बाहेर पडतात. नळाचे पाणी २७ अंशांवर आत आले आणि ५५ अंशांवर बाहेर गेले, तर प्रत्येक लिटर सुमारे ११८ किलोज्यूल घेऊन जाते. भागाकार करून पाहा, ६१ लिटर! काही उष्णता यंत्राच्या पत्र्यातून जाते, त्यामुळे पाणी थोडे कमी लागते, एवढेच. ज्या इमारतीत पाणी ठराविक वेळीच येते, तेथे यंत्र घेण्यापूर्वी ते हवेने थंड होते की पाण्याने, हे विचारलेच पाहिजे. हवेने थंड होणारे यंत्र पाणी वाचविते, पण तेवढीच उष्णता खोलीत सोडते. उष्णता-पंप बसविलेली यंत्रे ही उष्णता पुन्हा वाफ करण्यासाठी वापरतात आणि साधारण निम्म्या विजेत काम करतात. मात्र त्यांची किंमत बरीच जास्त असते.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, मग वेगळी यंत्रेच बरी. बहिणीलाही तसेच वाटले. तेव्हा मी तिला पट्टी घेऊन मोजायला सांगितले. तिच्या ड्राय बाल्कनीतली जागा ६५ सेंटिमीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर खोल होती. जमिनीवरची जागा दोन्ही मार्गांना सारखीच लागते. प्रश्न होता उंचीचा. दोन यंत्रे एकावर एक ठेवली की १७० सेंटिमीटर होतात. तिच्याकडे वर १५५ सेंटिमीटरवर सिमेंटचा माळा होता, तो काही हलणारा नव्हता. शिवाय भिंतीवर १६ अँपिअरचे एकच बटण होते. पाणी तापविणारे २००० वॅटचे धुलाई यंत्र आणि २४०० वॅटचा ड्रायर एकाच वेळी त्यावर लावले, तर ४४०० भागिले २३० म्हणजे १९ अँपिअर प्रवाह वाहील आणि तारा तापतील. एकत्र यंत्र एका वेळी एकच काम करते, त्यामुळे त्याला ते एक बटण पुरते.

तेव्हा तिने एकत्र यंत्रच घेतले, पण धुण्याची रीत बदलली. रविवारचा ढीग बंद झाला. आता आठवड्यातून चार दिवस साडेतीन-साडेतीन किलोची खेप लागते. जाड टॉवेल आणि जीन्स वेगळ्या दिवशी, कारण त्यांच्याबरोबर पातळ कपडे विनाकारण भाजले जातात. ऊन असेल त्या दिवशी वाळवण्याचे बटण दाबायचेच नाही. माळा नसता, तर मी तिला दोन यंत्रेच सुचविली असती.

दोन महिन्यांनी तिचा पुन्हा फोन आला. तीन तासांचे काम साडेचार तासांवर गेले होते. हे दुखणे एकत्र यंत्रांत नेहमीचे आहे. वाळताना कपड्यांचे बारीक तंतू सुटतात. वेगळ्या ड्रायरमध्ये ते एका जाळीत अडकतात आणि दर खेपेला काढून टाकता येतात. पुष्कळ एकत्र यंत्रांत अशी जाळी नसते. तंतू ओल्या मार्गात चिकटून राहतात आणि हवेची वाट अडते. तिने कपड्यांशिवाय एकदा नुसते पाणी फिरविले आणि खालची गाळणी उघडली, तर आत करड्या लगद्याचा लाडू निघाला. वेळ पुन्हा तीन तासांवर आला.

यंत्र नीट चालते की नाही, हे तुम्हीही घरी तपासू शकता. एक ताणकाटा घ्या. चार-पाच कोरडे कपडे पिशवीत घालून वजन करा. धुऊन पिळल्यावर पुन्हा करा. वाढलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागा. उत्तर ०.६ च्या आसपास आले तर पिळणे चांगले आहे. ०.८ च्या पुढे गेले, तर फेरे कमी पडत आहेत किंवा पाणी बाहेर जाण्याची वाट तुंबली आहे. वाळवल्यावर तिसरे वजन करा, पण आधी कपडे झटकून दहा मिनिटे निवू द्या. गरम कपड्यात वाफ असते, त्यामुळे तो हाताला ओला भासतो. ताणकाटा मात्र फसत नाही.