मंगळवार, 17 जून, सकाळी 11

आमच्या संस्थेच्या महाविद्यालयात ग्रंथालय सहायकाची जागा निघाली होती. आलेल्या अर्जांतून आम्ही नऊ जण निवडले आणि पत्रं धाडली. त्यात एकच वाक्य होतं: ‘सर्व मूळ कागदपत्रांसह सकाळी 10 वाजता उपस्थित राहावे.’ दहा वाजता नऊही जण हजर झाले. नवव्या उमेदवाराचा नंबर लागला तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते.

ती नववी उमेदवार पहाटेच्या एसटीने आली होती. तिच्या पदवीवर माहेरचं नाव होतं आणि आधारकार्डावर सासरचं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवणारा विवाह नोंदणीचा दाखला घरी कपाटात होता. तो आणा असं तिला कोणी कळवलंच नव्हतं. कागद अपुरे म्हणून तिची मुलाखत झाली नाही. तिला आम्ही नापास केलं नव्हतं, आमच्या पत्रानेच ती बाहेर पडली होती. ही गोष्ट मला अजून टोचते.

त्यानंतर मी ते पत्र पहिल्यापासून नव्याने लिहिलं. सुरुवात वेळेपासून केली. एका मुलाखतीला पंचवीस मिनिटं आणि मध्ये पाच मिनिटं धरली, की साडेदहा ते दीडपर्यंत सहा जण होतात आणि जेवणानंतर सव्वादोन ते पावणेचारपर्यंत उरलेले तीन. प्रत्येकाला त्याची स्वतःची वेळ द्यायची आणि कागद तपासायला त्याआधी अर्धा तास यायला सांगायचं. तारीख ‘05/06’ अशी कधीच लिहू नये, कारण कोणी ती पाच जून वाचतं, कोणी सहा मे. महिना अक्षरांत आणि सोबत वार लिहिला, की टंकनातली चूकही लगेच दिसते, कारण वार आणि तारीख जुळत नाहीत.

मुलाखत समोरासमोर असेल तर इमारत, मजला, खोली आणि बसथांब्याची खूण लिहावी. ऑनलाइन असेल तर दुवा पत्रातच द्यावा आणि वेळेपुढे ‘भारतीय प्रमाणवेळ’ असं लिहावं. दुबईहून बोलणाऱ्याच्या घड्याळात आपले अकरा म्हणजे साडेनऊ असतात. मध्येच नेट गेलं तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हेही आधीच सांगून ठेवावं.

सगळ्यात जास्त विचार कागदपत्रांचा करावा लागतो. ‘सर्व मूळ कागदपत्रे’ या शब्दांना अर्थ नाही, कारण ‘सर्व’ म्हणजे काय ते फक्त कार्यालयाला ठाऊक असतं. मी आता आधी स्वतःला विचारतो, की हा कागद मुलाखतीच्या दिवशीच हवा आहे, की रुजू होताना चालेल? पदवीचं प्रमाणपत्र पदवीदान समारंभानंतर हाती येतं, तोवर गुणपत्रिका आणि तात्पुरतं प्रमाणपत्र पुरतं. राखीव जागेसाठी लागणारं जात वैधता प्रमाणपत्र समितीकडून यायला वेळ लागतो, आठवड्याच्या मुदतीत ते नव्याने मिळत नाही. म्हणून नियमाने ते कोणत्या टप्प्यावर सादर करायचं आहे हे पाहून तसंच स्पष्ट लिहावं. मूळ प्रती दाखवून लगेच परत मिळतील, स्वसाक्षांकित छायाप्रतींचा एकच संच जमा होईल, हेही लिहावं. मूळ कागद अडकून पडतील ही भीती खरी असते. डिजिलॉकरमध्ये संबंधित संस्थेने स्वतः दिलेली प्रत मूळ कागदाइतकीच ग्राह्य असते, उमेदवाराने स्कॅन करून चढवलेली नव्हे.

त्या बाईमुळे वाढलेली ओळ अशी: ‘आपल्या कागदपत्रांवर वेगवेगळी नावे असल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाच्या राजपत्राची प्रत आणावी. यापैकी काही नसल्यास आधी फोन करावा.’ लग्नानंतर नाव बदललेल्या उमेदवार आपल्याकडे इतक्या असतात, की ही ओळ कधी वाया जात नाही.

राहिला तारीख बदलून मागण्याचा प्रश्न. पत्र 5 जूनला गेलं आणि मुलाखत 17 ला असेल, तर विनंती शुक्रवार, 13 जूनला संध्याकाळी पाचपर्यंत ई-मेलने करायला सांगावी. विषयाच्या जागी पदाचं नाव आणि अर्ज क्रमांक, आत कारण. राखीव दिवस आधीच ठरवून तो पत्रात छापावा, आमचा शुक्रवार, 20 जून होता. तारीख एकदाच बदलून मिळेल, पण लेखी होकार येईपर्यंत जुनीच वेळ कायम समजावी, हे वाक्य विसरलं तर उमेदवार मेल टाकून घरी थांबतो आणि आपण त्याला गैरहजर लिहितो. मुदतीनंतर आलेलं आजारपण, बाळंतपण किंवा त्याच दिवशी आलेली परीक्षा यांसाठी फोनची वाट मोकळी ठेवावी. मागितलं म्हणून गुणांवर परिणाम होणार नाही, हेही छापावं. ते वाचल्याशिवाय लोक मागायला धजावत नाहीत.

पत्र पाठवण्यापूर्वी मी त्यातला क्रमांक स्वतःच्या फोनवरून लावून बघतो. गेल्या खेपेला तो निवृत्त झालेल्या लिपिकाच्या घरी वाजला.