चाल कोणाची?

वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्याहून कोणी मोबाइलवर पटाचा फोटो पाठवला आणि ‘आता काय खेळू?’ एवढंच विचारलं, तर जाणकारही अडतो. समजा, पटावर तीनच मोहरे आहेत: पांढरा राजा ई४ वर, त्याच्या मागे ई३ वर पांढरं प्यादं आणि समोर ई६ वर काळा राजा.

चाल काळ्याची असेल तर काळा हरला. त्याच्या राजाला बाजूला व्हावंच लागतं. तो डी६ वर गेला की पांढरा एफ५ वर घुसतो आणि प्याद्याची वाट मोकळी करत नेतो. चाल पांढऱ्याची असेल तर बाजूला त्यालाच व्हावं लागतं. काळा राजा पुन्हा समोर येऊन उभा राहतो आणि डाव बरोबरीत सुटतो. गंमत म्हणजे प्यादं एक घर मागे, ई२ वर असतं, तर हा प्रश्नच उरला नसता. पांढऱ्याने प्यादं ई३ वर सरकवून चाल काळ्याच्या गळ्यात घातली असती.

संगणकाला स्थिती सांगताना एक ओळ लिहितात:

```
8/8/4k3/8/4K3/4P3/8/8 w - - 0 1
```

फोटोतून मिळतो तो फक्त पहिला तुकडा. त्यापुढचं `w` म्हणजे चाल पांढऱ्याची. काळ्याची असेल तर `b`. हे अक्षर अंदाजाने भरलं, तर संगणक चुकीच्या प्रश्नाचं अचूक उत्तर देतो.

मग ओळखायचं कसं? सर्वांत भक्कम खूण शहाची. एखाद्या राजाला शह बसलेला असेल, तर चाल त्याचीच. स्वतःचा राजा शहात ठेवून कोणी चाल सोडू शकत नाही. स्पर्धेतल्या फोटोत दांडीचं घड्याळ दिसलं, तर ज्याच्या बाजूची दांडी वर, त्याची वेळ चालू. अर्थात खेळाडूने मोहरा हलवून दांडी अजून दाबलेली नसेल, तर ही खूणही फसवते. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, तसल्या स्पर्धांत इलेक्ट्रॉनिक पटच प्रत्येक चाल नोंदवतो. गावातल्या पटाला ती सोय कुठली!

त्याआधी पांढऱ्याची बाजू कोणती, हेही पाहावं लागतं. कोपऱ्याच्या घराचा रंग इथे उपयोगाचा नाही, कारण पट अर्धा फिरवला तरी डावा कोपरा काळाच राहतो. कडेची अक्षरं नसलेला आपलाच फोटो काळ्याच्या बाजूने काढलेला असेल, तर ते प्यादं ई३ वर नसून डी६ वर आहे. पांढरा राजा डी५ वर, काळा डी३ वर. आता काळा राजा प्याद्याच्या मागे राहिला. चाल कोणाचीही असो, दोन पावलांत वजीर होणार.

शह नाही, घड्याळ नाही, अक्षरं नाहीत, अशा वेळी आधी विचारावं. पाठवणारा गप्प असेल तर दोन्ही उत्तरं लिहून पाठवावीत: काळ्याची चाल असेल तर हे, पांढऱ्याची असेल तर ते.