फोटोतल्या पानावरचा ताल

तबल्याच्या वहीचं पान मोबाइलवर आलं, की आधी बोलांखालच्या खुणा शोधाव्यात. समजा, ओळ अशी आहे: धी ना | धी धी ना | ती ना | धी धी ना. खाली × २ ० ३. उभ्या रेघांमधल्या मात्रा २, ३, २, ३. एकूण १०, म्हणजे झपताल. × ही सम. २ आणि ३ या टाळ्या तिसऱ्या आणि आठव्या मात्रेवर, ० ही खाली सहाव्यावर. आकडे टाळीचे आहेत, मात्रेचे नव्हेत.

ही भातखंडे पद्धत. पलुस्कर पद्धतीत मात्र १, ३, +, ८ दिसेल: तिथे आकडा मात्रेचा आणि + म्हणजे खाली! तिरक्या फोटोत × आणि + सहज गल्लत करतात. अशा वेळी बोल पाहावा. सहाव्या मात्रेवर ‘ती’ आहे, डग्ग्याचा घुमारा नाही. म्हणून तिथेच खाली.

मात्रा मोजताना बोलांखालची कमानही पाहावी. ‘तिरकिट’खाली एकच कमान असेल, तर चार अक्षरं मिळून एक मात्रा. फोटोत खालची कड कापली गेली असेल, तर कमानी आणि खुणा दोन्ही जातात. मग पान पुन्हा मागवावं.