कॉम्प्युटरवर मायनस, थेंबांनंतर प्लस

गैरसमज : फळा अंधूक दिसतो आणि मायनस काचेने स्पष्ट होतो, म्हणजे मायनस नंबर आहेच.

वस्तुस्थिती : जवळचं वाचताना डोळ्यातला सिलियरी स्नायू आवळतो, भिंग फुगीर होतं. मान वर करून लांब पाहिलं की तो सैल पडायला हवा. तासन् तास वाचणाऱ्या काही विद्यार्थ्यांमध्ये तो आवळलेलाच राहतो, म्हणजे त्याला आकडी येते. मग लांबचं अंधूक दिसतं आणि मायनस काचेने सुधारतंही. पण खऱ्या मायनसमध्ये बहुधा बुबुळापासून पडद्यापर्यंत डोळ्याची लांबी वाढलेली असते, तशी ती इथे वाढलेली नसते. नजर कधी स्पष्ट कधी धूसर होणं आणि वाचल्यावर कपाळ दुखणं यांवरून शंका घ्यावी.

गैरसमज : कॉम्प्युटरने काढलेला नंबर चुकत नाही.

वस्तुस्थिती : यंत्र त्या क्षणी डोळा जसा आहे तसा मोजतं, स्नायू आवळलेला असेल तर तोही नंबरात धरला जातो. समजा, बारावीची एक मुलगी आहे. यंत्र एकाच डोळ्याचा नंबर -1.75, -3.00, -2.25 असा दाखवतं. आकडे असे पळत असतील तर चष्मा लिहून देण्याची घाई नको. तिच्या डोळ्यांत सायक्लोपेंटोलेटचे थेंब टाकले, काही मिनिटांनी पुन्हा टाकले आणि पाऊण तासाने रेटिनोस्कोपने तपासलं. नंबर निघाला +0.50. म्हणजे आधीचा सगळा मायनस आकडीचा होता. थेंबांनंतर -1.00 निघाला असता, तर तेवढा खरा आणि वरचा खोटा मानला असता. खरा मायनस थेंबांनी जात नाही.

गैरसमज : बाहुली मोठी झाली की तपासणी पक्की.

वस्तुस्थिती : ही चूक बारकाईची, पण महागात पडणारी. बाहुली मोठी होणं वेगळं आणि सिलियरी स्नायू सैल पडणं वेगळं. पडदा तपासण्यासाठी वापरतात त्या ट्रॉपिकामाइडने बाहुली झटपट मोठी होते, पण हट्टी आकडी पूर्ण सुटेलच असं नाही. म्हणून थोडा मायनस शिल्लक राहून खरा वाटू शकतो. अशा वेळी सायक्लोपेंटोलेट किंवा त्याहून जोरकस अॅट्रोपिन लागतं. सायक्लोपेंटोलेटनंतर साधारण दिवसभर जवळचं धूसर दिसतं आणि उजेड खुपतो. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या दिवशी ही तपासणी ठेवू नये.

गैरसमज : खोटा का होईना, नंबरचा चष्मा लावला तर बिघडतं काय?

वस्तुस्थिती : मायनस काच लावल्यावर वाचताना स्नायूला आणखी जोर लावावा लागतो. आकडी टिकते, पुढच्या खेपेला नंबर वाढलेला दिसतो आणि काच जाड होत जाते. उपचार उलट्या दिशेने जातो : वाचनात विश्रांती, गरज पडल्यास काही आठवडे स्नायू सैल ठेवणारे थेंब आणि तेवढ्या काळापुरता वाचनासाठी प्लसचा चष्मा. आकडी परत येऊ शकते, म्हणून पुन्हा तपासणी लागते. डोक्याला मार लागल्यानंतर त्रास सुरू झाला असेल किंवा एकाचे दोन दिसत असतील, तर मात्र अभ्यासाचा ताण म्हणून सोडून देऊ नका.

मुलाचा पहिलाच नंबर एकदम मोठा निघाला किंवा दोन तपासण्यांत वेगळा आला, तर चष्म्याची ऑर्डर थांबवा आणि डॉक्टरांना विचारा : हा नंबर थेंब टाकून काढला आहे का?