रोहित्राचे वेढे आणि गाभ्याची मर्यादा

रोहित्राच्या, म्हणजेच ट्रान्सफॉर्मरच्या पोटात हलणारा एकही भाग नसतो. सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाच्या पातळ पत्र्या एकावर एक रचून केलेला गाभा आणि त्यावर गुंडाळलेली तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, एवढीच त्याची मुख्य रचना. ज्या वेटोळ्याला वीज दिली जाते ते प्रायमरी आणि ज्यातून वीज घेतली जाते ते सेकंडरी. नेहमीच्या रोहित्रात या दोन तारा एकमेकींना कुठेही जोडलेल्या नसतात. त्यांच्यातला दुवा असतो तो गाभ्यातून फिरणारा चुंबकप्रवाह.

प्रायमरीला घरातली वीज दिली की हा चुंबकप्रवाह सेकंदाला ५० वेळा एका दिशेने वाढतो, ओसरतो आणि मग उलट दिशेने तसाच वाढून ओसरतो. या बदलामुळे गाभ्याभोवतीच्या प्रत्येक वेढ्यात थोडे व्होल्टेज निर्माण होते. एकच चुंबकप्रवाह सगळ्या वेढ्यांतून जात असल्याने वेढा प्रायमरीचा असो वा सेकंडरीचा, प्रत्येकाच्या वाट्याला येणारे व्होल्टेज सारखेच असते. वेढ्यांच्या गुणोत्तराचा नियम यातूनच निघतो.

२३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारे आणि ५ अँपिअर देणारे एक लहान रोहित्र उदाहरणादाखल घेऊ. त्याच्या गाभ्याचे क्षेत्रफळ ९ चौरस सेंटिमीटर आहे आणि कारागिराने व्होल्टमागे ५ वेढे धरले आहेत. म्हणजे प्रायमरीचे १,१५० वेढे झाले आणि सेकंडरीचे ६०. प्रत्येक वेढ्यात एक पंचमांश व्होल्ट तयार होतो. असे ६० वेढे एकापुढे एक आले की १२ व्होल्ट मिळतात. प्रत्यक्षात तारेच्या रोधात थोडे व्होल्टेज खर्च होते, म्हणून सेकंडरीला दोन-चार वेढे जास्त दिले जातात.

करंटचे गणित याच्या उलट चालते. सेकंडरीतून ५ अँपिअर वाहू लागले की तिचे ६० वेढे मिळून ३०० अँपिअर-वेढ्यांचा जोर गाभ्यावर लावतात आणि तो चुंबकप्रवाहाला विरोध करतो. चुंबकप्रवाह जरासा ढळताच प्रायमरी पुरवठ्यातून जादा करंट ओढते आणि तेवढाच जोर उलट बाजूने लावते. ३०० ला १,१५० ने भागले की सुमारे ०.२६ अँपिअर येतात. १२ गुणिले ५ म्हणजे ६० वॉट, आणि २३० गुणिले ०.२६ म्हणजेही जवळपास तेवढेच. व्होल्टेज जितक्या पटीने उतरते तितक्या पटीने करंट चढतो. म्हणूनच अशा रोहित्राची सेकंडरी जाड तारेची आणि प्रायमरी बारीक तारेची असते.

इथपर्यंत सगळे गणित गुणोत्तरावर चालले. मग १,१५० आणि ६० ऐवजी २३० आणि १२ वेढे गुंडाळले तर काय बिघडेल? गुणोत्तर तेच राहते आणि तांब्याचीही मोठी बचत होते. पण आता प्रत्येक वेढ्याला एक पंचमांश नव्हे, पूर्ण एक व्होल्ट पेलावा लागेल. त्यासाठी गाभ्यातला चुंबकप्रवाह पाचपट व्हायला हवा. पहिल्या रोहित्राच्या गाभ्यात चुंबकप्रवाहाची घनता शिखरावर सुमारे १ टेस्ला होती. इथे ती ५ टेस्ला लागेल. रोहित्राचे पोलाद मात्र २ टेस्लाच्या आसपासच थकते.

पोलादाच्या आत असंख्य सूक्ष्म चुंबकीय क्षेत्रे असतात. बाहेरून जोर मिळाला की ती एका दिशेला वळतात आणि थोड्या करंटमध्येही भरपूर चुंबकप्रवाह तयार होतो. बहुतेक सगळी क्षेत्रे वळून झाली की वळवायला काही उरत नाही. त्यापुढे करंट कितीही वाढवला तरी चुंबकप्रवाह अगदी हळू वाढतो. या अवस्थेला संपृक्तता किंवा सॅच्युरेशन म्हणतात.

पुरवठ्याला तोंड देण्यासाठी वेटोळ्यात जे उलटे व्होल्टेज उभे राहते, ते चुंबकप्रवाहाच्या बदलातून येते. गाभा संपृक्त झाला की हा बदल मंदावतो, उलटे व्होल्टेज पडते आणि पुरवठ्यासमोर जवळजवळ तारेचा रोधच उरतो. त्यामुळे प्रत्येक अर्ध्या आवर्तनाच्या शेवटी, चुंबकप्रवाह शिखराजवळ असताना, प्रायमरीतून करंटचा उंच, टोकदार झटका जातो. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते, म्हणून हे झटके थोडाच वेळ टिकत असले तरी तांबे तापवतात. गाभ्यातली ऊर्जाहानीही वाढते. शिवाय गाभ्यात न मावणारा चुंबकप्रवाह बाहेर सांडतो आणि आजूबाजूच्या लोखंडी पट्ट्या व बोल्ट गरम करतो.

विकृतीचे मूळही याच झटक्यांत आहे. टोकदार करंटमध्ये ५० हर्ट्झच्या जोडीला १५०, २५०, ३५० हर्ट्झचे घटक मिसळलेले असतात. झटक्याच्या क्षणी तारेतच बरेच व्होल्टेज खर्ची पडते, त्यामुळे सेकंडरीवरची गोलाईदार लाट आवर्तनाच्या उतरत्या बाजूला अकाली ढासळते. ऑसिलोस्कोपवर तो खड्डा स्पष्ट दिसतो.

भार जास्त पडल्याने गाभा संपृक्त होतो, असा एक सर्रास समज आहे. प्रत्यक्षात चुंबकप्रवाह भारावर अवलंबून नसतो. सेकंडरीचा जोर प्रायमरी लगेच फेडून टाकते. जास्त भाराने तांबे तापते, गाभा भरत नाही. गाभा भरतो तो व्होल्टेज वाढल्याने, वेढे कमी पडल्याने किंवा वारंवारता घटल्याने. वारंवारता कमी झाली की प्रत्येक अर्धे आवर्तन लांबते आणि चुंबकप्रवाहाला चढायला जास्त वेळ मिळतो.

अमेरिकेतून आणलेल्या जुन्या उपकरणांना हा फटका बसतो. तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. असे उपकरण थेट आपल्या सॉकेटला लावले तर व्होल्टेजमुळे १.९ पट आणि वारंवारतेमुळे १.२ पट, म्हणजे एकूण सुमारे २.३ पट चुंबकप्रवाह लागतो. फ्यूज उडाला नाही, तर वेटोळे लवकरच जळते. मधे २३० चे १२० व्होल्ट करणारे रोहित्र घातले तरी वारंवारता तीच राहते. उपकरणातला गाभा १.५ टेस्लावर बेतलेला असेल तर तो आता १.८ वर जातो. उपकरण चालते, पण गुणगुणते आणि रिकामे असतानाही हाताला चटका देते. पाटीवर ५०/६० हर्ट्झ लिहिलेले असेल, तर गाभा ५० हर्ट्झ धरूनच बनवलेला असतो आणि ही अडचण येत नाही.

दोष संपृक्ततेचाच आहे का, हे भार काढून तपासता येते. सेकंडरी मोकळी ठेवून प्रायमरीचे व्होल्टेज व्हेरिॲकने शून्यापासून हळूहळू वाढवायचे आणि करंट पाहायचा. निरोगी रोहित्रात पूर्ण व्होल्टेजपर्यंत तो माफक राहतो. संपृक्तता असेल तर एका ठरावीक व्होल्टेजपर्यंत शांत असलेला करंट त्यापुढे दर दहा व्होल्टला झपाट्याने चढतो. वेढे आतल्या आत चिकटून शॉर्ट झाले असतील, तर अगदी कमी व्होल्टेजलाच तो वाढलेला दिसतो. शॉर्ट झालेले वेटोळे नव्याने गुंडाळावे लागते. संपृक्ततेवर मात्र तीन उपाय आहेत: व्होल्टेज उतरवणे, वेढे वाढवणे किंवा मोठा गाभा वापरणे. वेढे वाढवताना दोन्ही वेटोळ्यांत सारख्याच प्रमाणात वाढवावे लागतात. गुणोत्तर तेच राहते, फक्त प्रत्येक वेढ्यावरचा व्होल्ट कमी होतो.