सीएसआरचे उरलेले पैसे जातात कुठे?

मार्च उजाडला की अनेक कंपन्यांना अचानक समाजसेवेची घाई होते. त्यामागे कंपनी कायदा, 2013चे कलम 135 आहे. मागच्या आर्थिक वर्षात कंपनीचे नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये, यांपैकी एक जरी आकडा गाठला, तरी तिला सीएसआर लागू होतो. मग आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम खर्च करावी लागते. हा नफा कर भरण्यापूर्वीचा धरतात.

समजा, चाकणच्या एका कारखान्याचा नफा लागोपाठ तीन वर्षे 8, 10 आणि 12 कोटी होता. सरासरी 10 कोटी, म्हणून 2024-25 साठी 20 लाख रुपये बाजूला निघाले. शाळेची स्वच्छतागृहे, आरोग्य शिबिरे, वृक्षलागवड हे सारे कायद्याच्या सातव्या अनुसूचीत बसते. पण कामगारांच्या मुलांपुरतीच शिष्यवृत्ती, राजकीय पक्षाला देणगी किंवा स्वतःच्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व चालत नाही.

31 मार्चला हिशेब केला, तर 12 लाखच खर्च झालेले. उरलेल्या 8 लाखांपैकी 5 लाख दोन वर्षे चालणाऱ्या जलसंधारणाच्या कामाचे होते. 3 लाखांसाठी काम ठरलेलेच नव्हते. इथे दोन वाटा फुटतात. 5 लाख 30 एप्रिलपर्यंत बँकेत केवळ न खर्चलेल्या सीएसआर रकमेसाठी उघडलेल्या खात्यात टाकायचे आणि तीन आर्थिक वर्षांत त्याच कामावर संपवायचे. त्यातूनही काही उरले, तर पुढच्या 30 दिवसांत ते सरकारी निधीत जाते. 3 लाखांना मात्र ही सवलत नाही. ते 30 सप्टेंबरपर्यंत पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी किंवा स्वच्छ भारत कोष अशा अनुसूचीतल्या निधीत भरायचे. मुख्यमंत्री सहायता निधी त्या यादीत नाही.

2021 पूर्वी पैसे का खर्चले नाहीत, याचे कारण संचालकांच्या अहवालात लिहिले की भागत असे. आता तसे नाही. हे 3 लाख भरलेच नाहीत, तर कंपनीला दुप्पट, म्हणजे 6 लाख दंड. जबाबदार अधिकाऱ्याला प्रत्येकी दहावा हिस्सा, म्हणजे 30 हजार. कंपनीच्या दंडाची कमाल मर्यादा 1 कोटी, अधिकाऱ्याची 2 लाख.

घोळ बहुतेक वेळा होतो तो वेगळ्याच ठिकाणी. मार्चअखेरीस संस्थेच्या हाती धनादेश दिला की खर्च झाला, असे कंपनीला वाटते. पण कायद्याच्या लेखी संस्थेने ते पैसे कामावर वापरल्यावरच खर्च होतो आणि कंपनीच्या वित्तप्रमुखाला तसे प्रमाणित करावे लागते. म्हणून सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थांनी विनियोग प्रमाणपत्र वेळेत द्यावे. काम मार्चपुढे जाणार असेल, तर 31 मार्चच्या आतच कंपनीच्या संचालक मंडळाकडून सकारण मुदतवाढ मंजूर करून घ्यावी.